एन्ट्रॉपी आणि क्रॉस-एन्ट्रॉपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासिफायर शिकवायला घेतला की पहिल्याच दिवशी `CrossEntropyLoss` हे नाव समोर येतं. सूत्र एका ओळीचं आहे, त्यामुळे बहुतेक जण ते लिहून पुढे जातात. पुढे लॉस 3.83 वर अडकतो किंवा मध्येच वाढायला लागतो, आणि तो आकडा काय सांगतोय ते कळत नाही. हा आकडा वाचता यावा म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. वाचायला शाळेतला लॉग आणि संभाव्यतेची तोंडओळख पुरेल.

## आश्चर्य मोजायचं म्हणजे काय करायचं?

एखादी घटना घडण्याची संभाव्यता p असेल, तर ती घडल्यावर वाटणारं आश्चर्य `-log2(p)` इतकं मानतात. नाणं उडवून छापा आला तर p = 1/2, म्हणून आश्चर्य 1 बिट. आठातली एक शक्यता खरी ठरली तर 3 बिट, 1024 मधली एक खरी ठरली तर 10 बिट. जे घडणार हे आधीच पक्कं होतं त्याची संभाव्यता 1, आणि 1 चा लॉग शून्य. म्हणजे अशा घटनेत आश्चर्य नाही, आणि तिच्या बातमीतून नवं काही कळतही नाही.

इथे आश्चर्य आणि माहिती या एकाच आकड्याच्या दोन बाजू आहेत. बातमी येण्याआधी ती जितकी अनपेक्षित, तितकी ती आल्यावर आपल्या ज्ञानात भर पडते. माहितीचं हे मोजमाप क्लॉड शॅनन यांनी बेल लॅब्जमध्ये असताना 1948 साली मांडलं. बातमी महत्त्वाची आहे की क्षुल्लक, सुखाची की दुःखाची, याचा त्यात विचार नाही. ती किती संभाव्य होती एवढंच बघायचं.

## पण लॉगच का? संभाव्यता कमी तर आश्चर्य जास्त, मग नुसतं 1/p का चालत नाही?

कारण आश्चर्यांची बेरीज व्हायला हवी. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर त्या दोन्ही घडल्याचं एकूण आश्चर्य म्हणजे पहिलीचं अधिक दुसरीचं. संभाव्यतांचा मात्र गुणाकार होतो. सलग तीन वेळा छापा येण्याची संभाव्यता 1/2 × 1/2 × 1/2 = 1/8, आणि आश्चर्य 1 + 1 + 1 = 3 बिट. 1/p घेतलं तर एका छाप्याला 2 आणि तिघांना मिळून 8 येतात. 2 + 2 + 2 काही 8 होत नाहीत.

गुणाकाराची बेरीज करून देणारं, आणि संभाव्यता किंचित बदलली तर किंचितच बदलणारं फल एकच आहे, ते म्हणजे लॉग. त्याचा पाया कोणता घ्यायचा एवढंच आपल्या हातात उरतं. पाया 2 घेतला तर एकक बिट, आणि e घेतला तर नॅट. 1 नॅट म्हणजे सुमारे 1.44 बिट. मशीन लर्निंगची साधनं जवळपास सगळीकडे नॅट वापरतात, कारण e पायाच्या लॉगचं विकलन सुटसुटीत होतं. खाली पावसाच्या उदाहरणात बिट आणि क्लासिफायरच्या भागात नॅट घेतले आहेत.

## मग एन्ट्रॉपी म्हणजे काय?

सरासरी आश्चर्य. प्रत्येक शक्यतेचं आश्चर्य घ्यायचं, ती शक्यता जितक्या वेळा घडते तितकं वजन त्याला द्यायचं, आणि बेरीज करायची:

```
H(p) = - Σ p(x) · log2 p(x)
```

समजा, सोलापूरहून एक निरीक्षक रोज पावसाची नोंद मुख्य कार्यालयाला कळवतो आणि त्याच्याकडे चारच शेरे आहेत: कोरडा, हलका, मध्यम, मुसळधार. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मी गृहीत धरतो. तिथे निम्मे दिवस कोरडे, पाव दिवस हलका पाऊस, आठवा हिस्सा मध्यम आणि आठवा हिस्सा मुसळधार. नोंद फक्त 0 आणि 1 मध्ये पाठवायची आहे आणि कमीत कमी अंक खर्च करायचे आहेत.

चार शेरे आहेत म्हणून प्रत्येकाला दोन-दोन अंक देता येतील. पण कोरडा हा शेरा रोजचाच आहे, त्याच्यावर दोन अंक का घालवायचे? त्याऐवजी कोरडा = `0`, हलका = `10`, मध्यम = `110` आणि मुसळधार = `111` असे संकेत ठरवू. कोणताही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नाही, त्यामुळे सगळे सलग लिहिले तरी वाचताना घोटाळा होत नाही. आता सरासरी खर्च असा येतो:

1/2 × 1 + 1/4 × 2 + 1/8 × 3 + 1/8 × 3 = 1.75 अंक.

इथे प्रत्येक संकेताची लांबी त्या शेऱ्याच्या आश्चर्याइतकीच आहे. कोरड्याचं आश्चर्य 1 बिट आणि संकेत एका अंकाचा, मुसळधारचं आश्चर्य 3 बिट आणि संकेत तीन अंकांचा. म्हणून सरासरी खर्च आणि एन्ट्रॉपी दोन्ही 1.75. शॅनन यांनी सिद्ध केलेली गोष्ट अशी, की घोटाळा न होता परत वाचता येणारा कोणताही संकेतसंच सरासरीने एन्ट्रॉपीच्या खाली जाऊच शकत नाही. संभाव्यता 1/2, 1/4 अशा सोयीच्या नसतील तर एकेका शेऱ्यासाठी नेमकं तिथपर्यंत पोचता येत नाही. मात्र बऱ्याच दिवसांच्या नोंदी एकत्र बांधून पाठवल्या की त्या मर्यादेच्या हवं तितकं जवळ जाता येतं.

चारही शेरे सारखेच संभाव्य असते तर एन्ट्रॉपी 2 बिट, म्हणजे चार शक्यतांसाठी जास्तीत जास्त. रोज कोरडाच दिवस असता तर शून्य. परिस्थितीत किती अनिश्चितता आहे ते एन्ट्रॉपी सांगते. अंदाज करणारा हुशार आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

## क्रॉस-एन्ट्रॉपीत दोन वितरणं कुठून आली?

तोच निरीक्षक बदली होऊन जुलै महिन्यात महाबळेश्वरला गेला, पण संकेतांचा कागद सोलापूरचाच घेऊन गेला. महाबळेश्वरला जुलैत चित्र उलटं. गृहीत धरू की निम्मे दिवस मुसळधार, पाव दिवस मध्यम, आठवा हिस्सा हलका आणि आठवा हिस्सा कोरडा. आता रोजचा शेरा `111`, आणि सर्वांत आखूड संकेत कधीतरीच वापरात येतो:

1/2 × 3 + 1/4 × 3 + 1/8 × 2 + 1/8 × 1 = 2.625 अंक.

हीच क्रॉस-एन्ट्रॉपी. किती वेळा काय घडणार ते महाबळेश्वरच्या आभाळाने ठरवलं, आणि प्रत्येक घटनेला किती लांबीचा संकेत द्यायचा ते सोलापूरच्या समजुतीने. वजनं खऱ्या वितरणाची, आश्चर्य आपल्या समजुतीचं:

```
H(p, q) = - Σ p(x) · log2 q(x)
```

p म्हणजे जग, q म्हणजे आपली समजूत. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे लक्षात ठेवा: लॉगच्या आत नेहमी अंदाज करणाऱ्याची संभाव्यता असते, कारण आश्चर्य त्याला वाटतं. लॉगच्या बाहेर वास्तव असतं, कारण काय घडेल ते वास्तव ठरवतं. या दोघांची अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

महाबळेश्वरसाठी नीट संकेत केले असते तर तिथेही 1.75 अंकांत काम भागलं असतं. चुकीच्या समजुतीपोटी रोज 0.875 अंक जादा गेले. या जादा खर्चाला कुलबॅक-लायब्लर डायव्हर्जन्स म्हणतात. सॉलोमन कुलबॅक आणि रिचर्ड लायब्लर यांनी ही कल्पना 1951 साली मांडली. हा जादा खर्च कधीच ऋण नसतो, आणि समजूत वास्तवाशी तंतोतंत जुळली तरच शून्य होतो.

आणि कागदावर मुसळधारसाठी संकेतच नसता तर? ज्याला q ने शून्य संभाव्यता दिली ते घडलं की आश्चर्य अनंत. क्रॉस-एन्ट्रॉपीचा हा स्वभाव पुढे क्लासिफायरमध्येही दिसणार आहे.

## हे सगळं क्लासिफायरला कसं लागू होतं?

एक खरा डेटासेट घेऊ. हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांचा एक संच नेपाळमधल्या संशोधकांनी 2015 साली तयार केला. त्यात 46 वर्ग आहेत, 36 अक्षरं आणि 10 अंक. एकूण 92,000 चित्रं, प्रत्येक 32 × 32 पिक्सेलचं. चित्र पाहून अक्षर ओळखायचं हे क्लासिफायरचं काम.

चित्र दिलं की मॉडेल 46 आकडे काढतं. त्यांना लॉजिट म्हणतात. ते कितीही मोठे, लहान किंवा ऋण असू शकतात. सॉफ्टमॅक्स प्रत्येकाचा e चा घात घेतो आणि सगळ्यांच्या बेरजेने भागतो, म्हणजे आकडे धन होतात आणि त्यांची बेरीज 1 होते. हे झालं q, मॉडेलची समजूत. p मात्र लेबलातून येतं. चित्र ध चं असेल तर ध ला 1 आणि बाकी 45 वर्गांना 0.

अशा p मध्ये क्रॉस-एन्ट्रॉपीच्या बेरजेतली 45 पदं शून्याने गुणली जाऊन गळतात, आणि एकच पद उरतं:

```
loss = -ln q(बरोबर वर्ग)
```

म्हणजे बरोबर उत्तर ऐकून मॉडेलला किती आश्चर्य वाटलं, एवढंच. सगळ्या चित्रांवर याची सरासरी काढली की ट्रेनिंगचा लॉस मिळतो.

## एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवून दाखवाल का?

घ, ध आणि थ घेऊ. ध आणि थ यांच्यावर शिरोरेषा डावीकडे तुटते आणि तिथे गाठ असते, घ वर ती अखंड जाते. घाईत लिहिताना ही फट बुजते आणि ध चा घ वाटतो. बाकीचे 43 वर्ग हिशेबापुरते बाजूला ठेवू.

चित्र ध चं आहे, पण फट बुजलेली. मॉडेलचे लॉजिट असे आले: घ ला 2, ध ला 1, थ ला 0. e चे घात 7.389, 2.718 आणि 1, बेरीज 11.107. भागाकार केल्यावर संभाव्यता घ 0.665, ध 0.245, थ 0.090. बरोबर उत्तर ध, म्हणून लॉस = -ln 0.245 = 1.41 नॅट.

आता महत्त्वाची पायरी. लॉजिट कोणत्या दिशेने आणि किती हलवायचे? सॉफ्टमॅक्स आणि क्रॉस-एन्ट्रॉपी एकत्र घेऊन विकलन केलं की सगळी गुंतागुंत कटते आणि प्रत्येक लॉजिटचा ग्रेडियंट, म्हणजे तो किंचित वाढवल्यावर लॉस किती वेगाने वाढतो तो आकडा, फक्त q - p उरतो:

- घ: 0.665 - 0 = 0.665
- ध: 0.245 - 1 = -0.755
- थ: 0.090 - 0 = 0.090

ग्रेडियंटच्या उलट दिशेने जायचं असतं. म्हणजे ध चा लॉजिट जोरात वर, घ चा बऱ्यापैकी खाली, थ चा किंचित खाली. तिघांची बेरीज शून्य. चुकीच्या वर्गाला मॉडेलने जितका विश्वास दिला, तितकाच तो परत मागितला जातो. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटणारा निकाल हाच. लॉसमध्ये उरलं फक्त बरोबर वर्गाचं पद, तरी ग्रेडियंट प्रत्येक वर्गाला त्याच्या वाट्याची दुरुस्ती पोचवतो, कारण सॉफ्टमॅक्सच्या भाजकात सगळेच आहेत.

## आपल्याला अचूकताच हवी आहे, मग थेट अचूकताच का वाढवत नाही?

कारण अचूकतेला उतार नाही. वरच्या चित्रात ध ची संभाव्यता 0.245 वरून 0.30 झाली तरी उत्तर घ च राहतं आणि अचूकता तसूभरही बदलत नाही. ती बदलते ते ध ने घ ला ओलांडलं त्या एका क्षणी. वजनं किंचित हलवून पाहिली की जवळपास सगळीकडे बदल शून्य येतो, त्यामुळे कुठे सरकायचं हे मॉडेलला कळत नाही. क्रॉस-एन्ट्रॉपीत मात्र 0.245 वरून 0.30 ला जाताना लॉस 1.41 वरून 1.20 होतो. उत्तर अजून चूकच आहे, पण दिशा बरोबर असल्याची नोंद झाली.

## प्रत्येक फरकाला त्यानेच गुणून बेरीज करणारा लॉस, म्हणजे स्क्वेअर्ड एरर, वापरला तर काय बिघडतं?

दोनच वर्ग असलेला प्रसंग घेऊ, म्हणजे एका लॉजिटची 0 ते 1 मधली संभाव्यता करणारा सिग्मॉइड पुरतो. बरोबर उत्तर 1 आहे, आणि मॉडेलने 1 ची संभाव्यता 0.001 दिली. मॉडेल चुकलंय, आणि ठामपणे चुकलंय. इथे सर्वांत मोठी दुरुस्ती व्हायला हवी.

स्क्वेअर्ड एररमध्ये लॉजिटचा ग्रेडियंट -2(1 - q) × q(1 - q) येतो. q = 0.001 घातलं की सुमारे -0.002. क्रॉस-एन्ट्रॉपीत तो q - 1, म्हणजे -0.999. जवळपास 500 पट फरक. मॉडेल अर्धवट गोंधळलेलं असताना, q = 0.5 ला, हेच ग्रेडियंट -0.25 आणि -0.5 येतात. म्हणजे स्क्वेअर्ड एरर गोंधळलेल्या मॉडेलला बऱ्यापैकी ढकलतो आणि ठाम चुकलेल्याला जवळपास सोडून देतो.

याचं कारण तो q(1 - q) हा गुणक. सिग्मॉइड टोकाला गेला की सपाट होतो, आणि हा गुणक ग्रेडियंटला शून्याजवळ नेतो. क्रॉस-एन्ट्रॉपीतल्या लॉगचं विकलन 1/q आहे, ते हा सपाटपणा बरोबर खोडून काढतं. दुसरी बाजू शिक्षेची. स्क्वेअर्ड एररमध्ये एका चुकीची शिक्षा फार तर 1. लॉगला अशी कमाल मर्यादा नाही: q = 0.001 ला 6.9 नॅट, q = 0.000001 ला 13.8 नॅट.

स्क्वेअर्ड एररने वर्गीकरण होतच नाही असं मात्र म्हणू नका. सिग्मॉइड किंवा सॉफ्टमॅक्स न लावता थेट लॉजिटवर तो वापरला तर सपाटपणाची अडचण येत नाही, आणि कित्येक कामांत निकालही चांगले येतात. मग आउटपुट संभाव्यता म्हणून वाचता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

## मॅक्सिमम लाइकलीहूड आणि हे एकच का?

हो. सगळी बरोबर लेबलं एकत्र येण्याची, मॉडेलच्या मते असलेली संभाव्यता म्हणजे एकेका चित्राच्या q चा गुणाकार. तो जास्तीत जास्त करायचा. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, उणे चिन्ह लावलं की जास्तीत जास्तचं कमीत कमी होतं, आणि चित्रांच्या संख्येने भागलं की आपलाच लॉस.

## माझा लॉस 3.83 ने सुरू झाला. हे चांगलं की वाईट?

46 वर्गांसाठी अगदी योग्य. काहीच न शिकलेल्या मॉडेलने प्रत्येक वर्गाला 1/46 द्यायला हवं, आणि ln 46 = 3.83. ट्रेनिंगची पहिली पायरी धावण्याआधी हा आकडा तपासायची सवय लावून घ्या. K वर्गांना ln K. 10 वर्गांना 2.30, दोन वर्गांना 0.69.

सुरुवातच 8 किंवा 15 ने झाली, तर मॉडेल काही न शिकताच कशाबद्दल तरी ठाम आहे. बहुधा शेवटच्या थराची सुरुवातीची वजनं फार मोठी असतात किंवा पिक्सेल 0 ते 255 असेच आत गेलेले असतात. सुरुवात 3.83 ने झाली आणि बराच वेळ तिथेच राहिली, तर चित्र आणि लेबल यांचा दुवा तुटलाय का ते बघा. चित्रांची सरमिसळ एका क्रमाने आणि लेबलांची दुसऱ्या क्रमाने झाली की नेमकं हेच दिसतं.

या संचात सगळे वर्ग सारख्या संख्येचे आहेत. तुमच्या डेटात ते नसतील तर तुलनेचा आकडा बदलतो. 100 पैकी 90 चित्रं एका वर्गाची आणि 10 दुसऱ्याची असतील, तर चित्राकडे न बघता प्रत्येक वेळी 0.9 आणि 0.1 सांगणाऱ्यालाही 0.325 नॅट लॉस मिळतो. 0.69 वरून 0.33 वर आलो म्हणून खूश व्हायचं कारण नाही, मॉडेलने तोवर फक्त प्रमाण पाठ केलेलं असतं.

आणि लॉस समजायला अवघड वाटला तर `exp(loss)` काढा. लॉस 1.41 असेल तर e^1.41 म्हणजे साधारण 4. मॉडेलची अवस्था सरासरीने चार सारख्या पर्यायांत अडकलेल्या माणसासारखी आहे, असा त्याचा अर्थ.

## लॉस शून्यापर्यंत का जात नाही?

क्रॉस-एन्ट्रॉपीचे दोन भाग आठवा: वास्तवातली एन्ट्रॉपी आणि समजुतीमुळे होणारा जादा खर्च. ट्रेनिंगने दुसराच भाग कमी होतो. पहिला मॉडेलच्या हातात नाही.

एका चित्राला एकच लेबल असल्याने एन्ट्रॉपी शून्य वाटते. पण शिरोरेषेची फट बुजलेली, अगदी सारखी दिसणारी दहा चित्रं असतील आणि लिहिणाऱ्यांच्या मनात त्यातल्या सातांत घ आणि तिघांत ध असेल, तर पिक्सेलांवरून यापेक्षा जास्त कळायला मार्गच नाही. अशा चित्रांवर उत्तम मॉडेल घ ला 0.7 आणि ध ला 0.3 देईल, आणि त्याचा लॉस 0.61 नॅट येईल. कोणतंही मॉडेल त्याखाली प्रामाणिकपणे जाऊ शकत नाही. ट्रेनिंग संचावर ते त्याखाली गेलं, तर त्याने कुठलं चित्र कुठलं ते पाठ केलंय.

हाच युक्तिवाद उलटा वाचला की क्रॉस-एन्ट्रॉपीचा मोठा गुण दिसतो. सात-तीनच्या परिस्थितीत सरासरी लॉस सर्वांत कमी होतो तो 0.7 सांगितल्यावरच. 0.9 सांगून किंवा 0.5 सांगून फायदा होत नाही. मॉडेलला खरी संभाव्यता सांगण्यातच लाभ असतो.

लेबल स्मूदिंग लावलं असेल, म्हणजे लेबलातल्या 1 चा थोडा हिस्सा सगळ्या वर्गांत सारखा वाटला असेल, तर लॉसचा तळ आपणच उचललेला असतो. 46 वर्ग आणि 0.1 स्मूदिंग असेल तर लक्ष्य वितरणाचीच एन्ट्रॉपी 0.69 नॅट होते, आणि ट्रेनिंग लॉस त्याखाली जात नाही.

## व्हॅलिडेशन लॉस वाढतोय, पण अचूकता तशीच आहे. कोणावर विश्वास ठेवू?

दोघेही खरं सांगतायत. 100 चित्रं घ्या. पहिलं मॉडेल 99 चित्रांवर बरोबर वर्गाला 0.95 देतं आणि चुकलेल्या एका चित्रात बरोबर वर्गाला 0.04. सरासरी लॉस 0.083. आणखी ट्रेनिंगनंतर तेच मॉडेल 99 चित्रांवर 0.99 देतं, पण त्या एका चित्रात बरोबर वर्गाला 0.0001. तो एकच लॉस 9.21, आणि सरासरी 0.102. अचूकता दोन्हीकडे 99 टक्के. लॉस वाढला, आणि त्यातला जवळजवळ 90 टक्के भाग एका चित्राचा.

मॉडेलचा आत्मविश्वास त्याच्या ज्ञानापुढे गेलाय, असा याचा अर्थ. तुम्हाला फक्त अक्षर ओळखून हवं असेल तर अचूकता बघून थांबता येईल. पण संभाव्यता कमी असेल तर माणसाकडे तपासायला पाठवू, असं काही ठरवलं असेल तर हे मॉडेल चुकीचं अक्षर ठामपणे पुढे सरकवेल. त्यावर सोपा उपाय म्हणजे टेम्परेचर स्केलिंग. ट्रेनिंग झाल्यावर सगळे लॉजिट एकाच धन आकड्याने भागायचे, आणि तो आकडा व्हॅलिडेशन संचावर लॉस कमीत कमी होईल असा निवडायचा. क्रम बदलत नाही, म्हणून अचूकता तीच राहते.

पण आधी ते एक चित्र उघडून बघा. सर्वांत जास्त लॉसची पन्नासेक चित्रं क्रमाने लावली की त्यात चुकीची लेबलं हमखास सापडतात.

## लॉस 2.87 च्या खाली जातच नाही, अचूकता मात्र चांगली आहे. असं कसं?

46 वर्ग असतील तर हे दोनदा सॉफ्टमॅक्स लावल्याचं लक्षण. पायटॉर्चच्या `nn.CrossEntropyLoss` ला कच्चे लॉजिट हवे असतात, सॉफ्टमॅक्स ते आतच करतं.

```python
loss_fn = nn.CrossEntropyLoss()

loss = loss_fn(logits, y)                  # बरोबर
loss = loss_fn(logits.softmax(dim=1), y)   # चूक
```

चुकीच्या ओळीत आत जाणारे आकडे 0 ते 1 मध्येच असतात. मॉडेलने बरोबर वर्गाला पूर्ण 1 आणि बाकी 45 ना 0 दिला, तरी आतला दुसरा सॉफ्टमॅक्स त्याचं e/(e + 45), म्हणजे 0.05697 करून टाकतो. -ln 0.05697 = 2.87. यापेक्षा कमी लॉस शक्यच नाही. प्रोग्राम कुठेही थांबत नाही, ग्रेडियंट दुबळे पण योग्य दिशेचे असतात, म्हणून अचूकता वाढत राहते आणि चूक लपते.

उलट बाजूची चूक म्हणजे सॉफ्टमॅक्स करून स्वतःच लॉग घेणं. एखादी संभाव्यता संगणकाच्या दृष्टीने पुरती शून्य झाली की लॉग उणे अनंत होतो आणि लॉसच्या जागी `inf` किंवा `nan` दिसतं. तयार फंक्शन सर्वांत मोठा लॉजिट आधी वजा करून लॉग आणि घात एकत्र सोडवतं, त्यामुळे ही वेळ येत नाही. तरीही `nan` दिसलं तर शिकण्याचा वेग कमी करून पाहा, आणि इनपुटमध्येच `nan` शिरलाय का ते तपासा.